पहिल्या वर्षाचा अंदाज आणि प्रत्यक्ष: तफावत कशी फोडायची आणि आराखडा कुठे बदलायचा

पहिलं वर्ष संपतं, सीए ताळेबंद हातात देतो आणि बहुतेक छोटे उद्योजक एकच आकडा बघतात. अंदाज ५४ लाखांच्या विक्रीचा होता, झाली ४२ लाखांची. मग पुढच्या वर्षाचा अंदाजही तेवढ्याच टक्क्यांनी खाली ओढला जातो, किंवा उलट ‘विक्री वाढवायलाच हवी’ म्हणून जाहिरातीवर पैसे घातले जातात. दोन्ही निर्णय तफावत न फोडता घेतलेले असतात. विक्री कमी झाली हे खरं असेल, पण पैसे तिथेच गेले असतील असं नाही.

हा लेख लाकडी घाण्याच्या एका उदाहरणावर चालतो. बँकेला प्रोजेक्ट रिपोर्ट देऊन १० लाखांचं मुदत कर्ज घेतलेला, शेंगदाणा तेल काढणारा घाणा. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण चुका नेहमीच्याच आहेत. सोपं जावं म्हणून वर्षात काढलेलं सगळं तेल वर्षातच विकलं गेलं असं धरलंय.

## टप्पा १: दोन्ही रकाने एका मापावर आणा

सर्वात जास्त चुका इथे होतात, आणि इथली चूक पुढे कितीही नीट गणित केलं तरी निघत नाही. प्रोजेक्ट रिपोर्ट एका पद्धतीने लिहिलेला असतो आणि टॅलीतली खाती दुसऱ्या पद्धतीने. तसेच शेजारी ठेवले तर निम्मी तफावत नुसती मांडणीची निघते. म्हणून आधी एवढ्या गोष्टी तपासा.

जीएसटी. खाद्यतेलावर ५ टक्के जीएसटी आहे. रिपोर्टमध्ये अनेकदा बाटलीवरचा, म्हणजे करासकट दर धरलेला असतो. टॅलीत विक्री कर वगळून दिसते. दोन्ही आकडे कर वगळून घ्या.

खरेदी आणि वापर. खर्च म्हणजे वर्षभरात घेतलेले शेंगदाणे नव्हे, घाण्यात पडलेले शेंगदाणे. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा ३१ मार्चचा साठा, एवढाच वापर. मार्चमध्ये दोन टन माल भरून ठेवला आणि तो खर्चात धरला, तर नसलेला तोटा दिसतो.

हप्ता. कर्जाच्या हप्त्यातली मुद्दल हा खर्च नाही. तफावत काढताना पूर्ण हप्ता बाजूला ठेवा. तो शेवटी, पैसे पुरतात का हे बघताना येईल.

घरखर्च. मालकाने गल्ल्यातून उचललेले पैसे टॅलीत भांडवलातून उचल म्हणून जातात आणि नफा फुगलेला दिसतो. आपल्या कामाचा ठरावीक मेहनताना दोन्ही रकान्यांत खर्च म्हणून घाला. आपल्या उदाहरणात तो महिना १५ हजार धरलाय.

माप. तेल विकलं जातं लिटरमध्ये, वजन होतं किलोत. एक लिटर शेंगदाणा तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. रिपोर्टमध्ये किलोचा उतारा आणि रजिस्टरमध्ये लिटर असं असेल, तर नऊ टक्क्यांची खोटी तफावत तिथेच तयार होते.

> पडताळा: प्रत्यक्षाच्या रकान्यातली विक्री जीएसटी रिटर्नमधल्या वर्षाच्या करपात्र विक्रीशी जुळते का? पेंड आणि तेल वेगळं करून बघा. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: सगळं एका लिटरवर आणा

एकूण रकमांची तुलना करून कारण सापडत नाही. एका लिटरमागे किती येतं आणि किती जातं हे मांडलं, की गोष्ट दिसायला लागते. प्रमाणाबरोबर बदलणारा खर्च (शेंगदाणे, बाटली, लेबल, वीज) लिटरवर आणायचा. घाणा फिरो न फिरो लागणारा खर्च (भाडं, दोन कामगार, मालकाचा मेहनताना, किरकोळ) वर्षाचा एकरकमी ठेवायचा.

| | अंदाज | प्रत्यक्ष |
|---|---|---|
| एकूण विक्री, लिटर | १८,००० | १४,४०० |
| थेट गिऱ्हाईक, लिटर | १०,८०० | ५,७६० |
| थेट विक्रीचा दर, ₹ | ३२० | ३३० |
| दुकानदार, लिटर | ७,२०० | ८,६४० |
| दुकानदाराचा दर, ₹ | २७० | २६५ |
| लिटरमागे शेंगदाणे, किलो | २.४ | २.५ |
| शेंगदाण्याचा भाव, ₹ किलो | ११० | ११४ |
| लिटरमागे पेंडीचे, ₹ | ५४ | ५६ |
| बाटली, लेबल, वीज, ₹ लिटर | १६ | १६ |
| स्थिर खर्च, ₹ वर्ष | ७,२०,००० | ७,४४,००० |

अंदाजाप्रमाणे सरासरी दर ३०० रुपये. त्यातून शेंगदाण्याचे २६४ गेले, पेंडीचे ५४ आले, बाटली-विजेचे १६ गेले. लिटरमागे ७४ रुपये सुटायचे होते. थेट गिऱ्हाइकाच्या लिटरवर ९४ आणि दुकानदाराच्या लिटरवर ४४. अठरा हजार लिटरवर १३,३२,००० आणि स्थिर खर्च वजा जाता ६,१२,००० रुपये शिल्लक. व्याज आणि घसारा अजून यायचे आहेत.

प्रत्यक्षात सरासरी दर २९१ पडला आणि लिटरमागे सुटले फक्त ४६. एकूण ६,६२,४००. स्थिर खर्च वजा केल्यावर ८१,६०० रुपयांचा तोटा.

म्हणजे फोडायची रक्कम आहे ६,९३,६००. आता ती कुठे कुठे गेली ते बघायचं.

> सावध: विजेचं बिल पूर्ण स्थिर किंवा पूर्ण बदलतं नसतं. त्यात एक स्थिर आकार असतो, बाकी युनिटप्रमाणे. मोठी रक्कम असेल तर दोन भाग करा. छोट्या घाण्यात तेवढी खोली लागत नाही.

## टप्पा ३: आधी प्रमाणाचा परिणाम वेगळा काढा

पहिला प्रश्न असा विचारा: अंदाजातले सगळे दर बरोबर निघाले असते आणि फक्त १४,४०० लिटर विकलं गेलं असतं, तर काय उरलं असतं? १४,४०० गुणिले ७४ म्हणजे १०,६५,६००, त्यातून ७,२०,००० वजा, उरले ३,४५,६००.

मूळ अंदाज ६,१२,००० होता. म्हणजे कमी विक्रीमुळे गेले २,६६,४००. उरलेल्या ४,२७,२०० रुपयांचा विक्री कमी झाल्याशी काही संबंध नाही.

ही एक पायरी गाळली, की पुढचं सगळं चुकतं. मालक ‘विक्री कमी पडली’ म्हणत राहतो, आणि सुटणारे पैसे लिटरलिटरमागे गळतायत हे त्याच्या ध्यानातच येत नाही. अशा घाण्याने पुढच्या वर्षी विक्री वाढवली तरी ४६ रुपयांच्या हिशोबात निव्वळ स्थिर खर्च भरून काढायलाच १६ हजार लिटर लागतील.

## टप्पा ४: उरलेली तफावत क्रमाने फोडा

क्रम महत्त्वाचा आहे. विक्रीचं मिश्रण, मग विक्रीचा दर, मग कच्च्या मालाचा भाव, मग उतारा, शेवटी बाकीचे. आणि एक नियम पाळायचा: भावातला फरक प्रत्यक्ष वापरलेल्या प्रमाणाने गुणायचा, प्रमाणातला फरक अंदाजातल्या भावाने. दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष आकडा घेतला तर तेच पैसे दोनदा मोजले जातात.

मिश्रण. अंदाज होता थेट ६० टक्के आणि दुकानदार ४० टक्के. झालं उलटं. १४,४०० लिटरपैकी ८,६४० थेट जायला हवे होते, गेले ५,७६०. म्हणजे २,८८० लिटर ९४ रुपयांच्या खान्यातून ४४ रुपयांच्या खान्यात सरकले. लिटरला ५० रुपये, एकूण १,४४,००० प्रतिकूल.

विक्रीचा दर. थेट विक्रीत लिटरला १० जास्त मिळाले: ५७,६०० अनुकूल. दुकानदारांना ५ कमी घेतले: ४३,२०० प्रतिकूल. निव्वळ १४,४०० अनुकूल.

शेंगदाण्याचा भाव. वापर ३६,००० किलो, किलोला ४ रुपये जास्त: १,४४,००० प्रतिकूल.

उतारा. १४,४०० लिटरला २.४ च्या हिशोबाने ३४,५६० किलो लागायचे, लागले ३६,०००. जादा १,४४० किलो गुणिले अंदाजातला ११० भाव: १,५८,४०० प्रतिकूल.

पेंड. लिटरमागे २ रुपये जास्त: २८,८०० अनुकूल.

स्थिर खर्च. २४,००० प्रतिकूल.

| कारण | रुपये |
|---|---|
| विक्रीचं प्रमाण | −२,६६,४०० |
| मिश्रण | −१,४४,००० |
| विक्रीचा दर | +१४,४०० |
| शेंगदाण्याचा भाव | −१,४४,००० |
| उतारा | −१,५८,४०० |
| पेंड | +२८,८०० |
| स्थिर खर्च | −२४,००० |
| एकूण | −६,९३,६०० |

> पडताळा: बेरीज एकूण तफावतीशी रुपयाला रुपया जुळली पाहिजे. ‘इतर’ नावाची ओळ घालून जुळवून घेऊ नका. जुळत नसेल तर साधारणपणे टप्पा १ मधलं काहीतरी राहिलेलं असतं, नाहीतर भाव आणि प्रमाण यांचा नियम मोडलेला असतो.

## टप्पा ५: कोणती ओळ खोदायची ते ठरवा, पण निव्वळ आकड्यावर जाऊ नका

प्रत्येक ओळीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आधीच एक मर्यादा ठरवा. अंदाजित शिलकीच्या पाच टक्के ही चालते, इथे साधारण ३० हजार. मर्यादा आकडे बघण्याआधी ठरवायची. बघितल्यावर ठरवली तर नको असलेली ओळ हमखास मर्यादेखाली जाते.

पण मर्यादेखालच्या ओळीत दोन मोठे फरक एकमेकांना खाऊन बसलेले असू शकतात. इथे स्थिर खर्चाचे २४ हजार किरकोळ वाटतात. आत बघितलं तर दुरुस्ती ४० हजारांनी वाढलीय आणि मजुरी १६ हजारांनी कमी झालीय, कारण एक कामगार उशिरा मिळाला. मजुरीची बचत पुढच्या वर्षी नसणार. दुरुस्ती मात्र असेल. विक्रीच्या दराच्या ओळीतही तेच झालंय: थेट विक्रीतली वाढ आणि दुकानदारांची सूट मिळून आकडा छोटा दिसतोय.

अनुकूल ओळही तेवढ्याच संशयाने बघा. पेंडीचे २८,८०० जास्त आले ही चांगली बातमी वाटते. पण पेंडीचा भाव किलोला ४० धरला होता, तोच मिळाला. वाढलं ते वजन: लिटरमागे १.३५ किलोऐवजी १.४० किलो. पेंड जास्त निघाली कारण तेल तिच्यात राहिलं. म्हणजे ही उताऱ्याच्या ओळीचीच दुसरी बाजू आहे. दोन्ही एकत्र वाचा: उताऱ्यात खरं नुकसान १,२९,६०० रुपयांचं.

## टप्पा ६: प्रत्येक मोठ्या ओळीचं कारण पुराव्यानिशी शोधा

इथे वर्षाचा आकडा उपयोगाचा नाही. महिन्याचे आकडे काढा, आणि उताऱ्यासाठी तर प्रत्येक घाण्याची नोंद.

### विक्रीचं प्रमाण

महिनावार बघितलं तर एप्रिल आणि मे शून्य आहेत. थ्री-फेज जोडणी उशिरा मिळाली, घाणा जूनमध्ये सुरू झाला. दहा महिन्यांत १४,४०० लिटर म्हणजे महिना १,४४०. अंदाज होता १,५००. दोन कोऱ्या महिन्यांचे ३,००० लिटर, त्यांचे २,२२,०००. चालू महिन्यांतली खरी तूट ६०० लिटर, म्हणजे ४४,४०० रुपये.

तक्त्यातली सर्वात मोठी ओळ अशी बघता बघता सर्वात कमी काळजीची ठरते. मूळ रिपोर्टमध्ये वर्षाचा आकडा बाराने भागून पहिल्या महिन्यापासून पूर्ण विक्री धरली होती, ही रिपोर्ट लिहिणाऱ्यांची जुनी सवय. पुढच्या आराखड्यात तिला जागा देऊ नका.

### मिश्रण

थेट विक्री जूनमध्ये महिना जेमतेम ३५० लिटर होती. दिवाळीतली उसळी बाजूला ठेवली तर ती हळूहळू चढत गेली आणि जानेवारी ते मार्च महिन्याची सरासरी ७४० वर आली. दुकानदारांची विक्री मात्र सुरुवातीपासून ८६० च्या आसपास सपाट आहे. म्हणजे ९०० लिटर थेट विक्री अशक्य नव्हती. पहिल्या दिवसापासून धरली होती ते चुकलं. घाणा रिकामा राहू नये म्हणून मधली पोकळी दुकानदारांनी भरली, आणि तेही सूट घेऊन.

> सावध: चढता आलेख बघताना ऑक्टोबर-नोव्हेंबरला धरून रेघ ओढू नका. फराळाची मागणी डिसेंबरात राहत नाही. शेवटच्या तीन साध्या महिन्यांची सरासरी जास्त खरी.

### शेंगदाण्याचा भाव

इथे दोन प्रश्न वेगळे करा: बाजार वर गेला, की आपण महाग घेतलं? खरेदीच्या बिलांवरच्या तारखा घ्या आणि त्या त्या दिवसाचा जवळच्या बाजार समितीचा भाव शेजारी लिहा. आपला दर बाजाराबरोबर चालत असेल तर खरेदीत खोट नाही. आपल्या घाण्यात असंच निघतं. रिपोर्टमधला ११० हा भाव खरिपाचा नवा माल आल्यानंतरचा होता. खरेदी मात्र वर्षभर, चार-चार पोती, हातउधारीवर झाली. पावसाळ्यात जुना माल १२० पर्यंत घ्यावा लागला. हंगामातला एक भाव वर्षभर धरणं, हे इथलं चुकलेलं गृहीतक.

### उतारा

घाण्याच्या रजिस्टरमध्ये तीन वजनं हवीत: टाकलेले शेंगदाणे, गाळ बसल्यावरचं तेल, आणि पेंड. या तिघांचा ताळा घाला. अंदाजात २.४ किलो शेंगदाण्यातून ९१० ग्रॅम तेल आणि १.३५ किलो पेंड, म्हणजे १४० ग्रॅम घट. प्रत्यक्षात २.५ किलोतून ९१० ग्रॅम तेल आणि १.४० किलो पेंड. घट १९० ग्रॅम. लिटरमागे जादा गेलेल्या १०० ग्रॅमपैकी निम्मे पेंडीत आहेत आणि निम्मे कुठेच नाहीत.

दोन्ही निम्म्यांची कारणं वेगळी असतात. पेंडीत तेल राहतं ते दाणा बारीक किंवा अपरिपक्व असेल, ओलसर असेल, लाट झिजली असेल, किंवा कामगार घाणा लवकर उतरवत असेल तर. पेंड हाताने चुरून बघितली तर तेलकटपणा कळतो, पण भरवसा वजनावर ठेवा. न सापडणारं वजन असतं ते पोत्यातल्या मातीचं, ओलाव्याचं, टाकीच्या तळच्या गाळाचं, किंवा बिलाशिवाय गेलेल्या तेलाचं. पोती आली त्या दिवशी चाळून, निवडून वजन करा. व्यापाऱ्याचं वजन उताऱ्यात वापरू नका. तसं केलं की यातला एक मोठा संशयित लगेच बाजूला होतो.

महिनावार नोंदीत पहिल्या पाच महिन्यांत लिटरला २.५५ किलोच्या आसपास आणि नोव्हेंबरनंतर २.४५ च्या आसपास लागलेले दिसतात. पावसाळी जुना माल आणि नवखे हात ही सुरुवातीची कारणं. पण नवा माल आल्यावरही २.४ गाठता आलेले नाहीत.

## टप्पा ७: प्रत्येक कारणाला एक खाना द्या

आता निर्णय. खाने चारच आहेत, आणि कोणत्या खान्यात काय जातं यावर आराखडा बदलणार की नाही हे ठरतं.

1. एकदाच घडलेलं. जोडणीच्या उशिराचे २,२२,०००. पुढच्या वर्षाच्या अंदाजात याचा काही परिणाम नको. गेलेले पैसे मात्र खरेच गेले, ते खेळत्या भांडवलातून भरून काढावे लागतात.
2. उशिरा येणारं, पण येणारं. थेट विक्रीची चढण. आकडा तोच ठेवा, तिथे पोचण्याची तारीख पुढे न्या.
3. गृहीतक चुकलं. वर्षभर एकच शेंगदाण्याचा भाव, दुरुस्तीला तरतूद नाही, उतारा २.४. इथे अंदाजातला आकडाच बदलायचा.
4. काम नीट झालं नाही. दुकानदारांना दिलेली सूट, न सापडणारे ५० ग्रॅम. इथे आकडा लगेच बदलू नका, काम बदला. आकडा बदलला तर गळतीला आपणच मंजुरी दिली असं होतं.

उतारा तिसऱ्या आणि चौथ्या दोन्ही खान्यांत बसतो. त्यात लाज नाही. आराखड्यात २.४५ धरा, कारण तो स्वतःच्या घाण्यावर सिद्ध झालाय. आणि घाण्यावर २.४२ चं लक्ष्य लावा. बँकेला दाखवायचा आकडा आणि कामगारांपुढे ठेवायचा आकडा एकच असायला हवा असं नाही.

> सावध: ‘बाजार वाईट होता’ हे कारण कोणत्याच खान्यात टाकू नका. कुठला भाव, कोणत्या महिन्यात, किती, एवढं सांगता आलं तरच ते कारण.

## टप्पा ८: आराखडा मूळ घटकांपासून पुन्हा बांधा

मूळ अंदाजावर टक्केवारी चढवून-उतरवून सुधारित अंदाज करू नका. महिन्याचे लिटर, दर, भाव, उतारा हे आकडे बदला आणि शिल्लक काय निघते ती निघू द्या.

नवा लिटरमागचा खर्च: २.४५ किलो गुणिले ११४ म्हणजे २७९, पेंडीचे ५५ वजा, बाटली-विजेचे १६ अधिक. साधारण २४० रुपये. थेट विक्रीत ३३० ला ९० सुटतात. दुकानदाराला २६५ ने दिलं तर २५.

आता सर्वात अवघड निर्णय हाच: दुकानदारांचं काय करायचं? पहिल्या वर्षी त्यांच्या एका लिटरवर २० रुपये सुटले. त्यात महिना सुमारे २ लाख ३० हजारांचा माल उधारीवर जातो. दीड महिन्याची उधारी धरली तर साडेतीन लाखांच्या आसपास रक्कम तिथे अडकून पडते. ही रक्कम अडकून राहिली तर हंगामात शेंगदाणे भरायला पैसे नसतात, आणि पावसाळ्यात पुन्हा १२० चा माल घ्यावा लागतो. तफावतीच्या दोन वेगळ्या ओळी अशा आतून जोडलेल्या असतात.

दर २७५ केला तर काही दुकानं जातील. किती गेली तरी चालतील? आज ८६४ लिटरवर २५ प्रमाणे महिन्याला २१,६०० सुटतात. २७५ ला लिटरमागे ३५ सुटतील, म्हणजे ६१७ लिटर राहिले तरी तेवढेच पैसे. त्यापेक्षा जास्त राहिले तर फायदा, आणि उधारी कमी झाली ती वेगळीच. माझं मत: दर वाढवा, आराखड्यात ६५० लिटर धरा, आणि ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारीवर माल देणं थांबवा.

थेट विक्री महिना ८०० लिटर धरू. शेवटच्या तिमाहीच्या ७४० पेक्षा थोडी वर, मूळ ९०० च्या खाली.

हिशोब असा पडतो: थेट ९,६०० लिटरचे ८,६४,०००, दुकानदार ७,८०० लिटरचे २,७३,०००, एकूण ११,३७,०००. दुरुस्तीसकट स्थिर खर्च ७,६०,०००. शिल्लक ३,७७,०००.

> पडताळा: १० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी असेल तर महिन्याचा हप्ता सुमारे २१,७४० आणि वर्षाचे २,६१,०००. शिल्लक हप्त्याच्या जवळपास दीडपट येते. हप्ता जाऊन हाती उरतात १,१६,०००.

## टप्पा ९: आराखडा कुठे मोडतो ते आधीच शोधा

१,१६,००० ही उरलेली गादी किती पातळ आहे ते बघा. वर्षाला १७,४०० लिटर, म्हणजे साधारण ४२,६०० किलो शेंगदाणे. भाव किलोला एक रुपया वाढला की ४२,६०० गेले. तीन रुपयांनी वाढला आणि दर तोच ठेवला, तर हप्ता भरून हाती काहीच उरत नाही. पहिल्या वर्षी भाव चार रुपयांनीच चुकला होता.

म्हणून सुधारित आराखड्यात नुसते आकडे पुरत नाहीत, नियम लागतात. हे तीन पुरेसे आहेत.

- शेंगदाण्याचा भाव ११४ पासून तीन रुपये हलला, की लिटरचा दर सात ते आठ रुपयांनी हलवायचा, त्याच आठवड्यात. खालीही आणि वरही, म्हणजे गिऱ्हाईक दरवाढीचं कारण समजून घेतं.
- दुकानदारांची विक्री सलग दोन महिने ६१७ च्या खाली गेली, तर दर वाढवण्याचा निर्णय पुन्हा तपासायचा.
- लिटरमागचे शेंगदाणे एका आठवड्यात २.५० च्या वर गेले, तर त्या लॉटची पोती आणि लाट दोन्ही तपासल्याशिवाय पुढचा लॉट टाकायचा नाही.

हंगामात माल भरून ठेवायचा मोह इथे होतो. नोव्हेंबरमध्ये १०८ ने घेतलेला माल चार महिन्यांत वापरला, तर ११ टक्क्यांनी व्याज किलोला दोन रुपयांच्या आसपास येतं. आराखड्यातल्या ११४ च्या तुलनेत फायदा उघड आहे. पण हा हिशोब माल चांगला राहिला तरच. सोललेले दाणे ओल धरतात, कीड आणि बुरशी लागते, खवट होतात. शेंगा त्या मानाने टिकतात. कोरडी जागा नसेल तर दोन महिन्यांपुढे जाऊ नका.

## टप्पा १०: मूळ अंदाज पुसू नका, आणि बँकेकडे आधी जा

सुधारित आकडे मूळ फाइलवर चढवले की पुढच्या वर्षी तुलनेला काही उरत नाही. तीन रकाने ठेवा: मूळ, प्रत्यक्ष, सुधारित. सुधारित रकान्यावर तारीख घाला आणि प्रत्येक बदललेल्या आकड्यापुढे एका ओळीत पुरावा लिहा, उदाहरणार्थ ‘उतारा २.४५, नोव्हेंबर ते मार्च रजिस्टर’. वर्षाच्या मध्ये पुन्हा सुधारणा झाली तर चौथा रकाना उघडा. तिमाहीपेक्षा जास्त वेळा मात्र आराखडा बदलू नका, नाहीतर तफावत कधीच दिसत नाही. प्रत्यक्षाच्या मागे अंदाज धावत राहतो.

हप्ता चुकण्याची चिन्हं दिसत असतील, तर तो चुकण्याआधी शाखेत जा. एक दिवस थकला तरी खात्यावर ताणाची नोंद सुरू होते, आणि ९० दिवसांपुढे थकबाकी गेली की खातं अनुत्पादक होतं. त्यानंतर हप्त्यांची फेरमांडणी किंवा कॅश क्रेडिटची वाढीव मर्यादा मागणं फार अवघड. जाताना ताळेबंद एकटा नेऊ नका. टप्पा ४ मधला सात ओळींचा तक्ता, त्याच्या शेजारी टप्पा ७ मधला खाना, आणि सुधारित वर्षाचा महिनावार तक्ता, एवढी तीन पानं न्या. वर्ष अंदाजापेक्षा वाईट गेलं हे अधिकाऱ्याला ताळेबंदातून दिसतंच. तफावतीतले सव्वादोन लाख दोन बंद महिन्यांचे आहेत हे त्याला या पानांशिवाय कळणार नाही.